पंख्यातून काय निघालं ते आधी बघा

प्रश्न: आमचं डिशवॉशर 14 महिन्यांचं आहे. राहायला बेसा भागात, फ्लॅटमध्ये. पाणी बोअरचं आणि नळाचं मिसळून येतं. दोन महिन्यांपासून वरच्या जाळीतले ग्लास पांढुरके निघतात, वाट्यांच्या तळाशी मोहरी आणि मसाल्याची कणी चिकटलेली असते. आता खालच्या ताटांनाही हात लावला की खरखर लागते. आम्ही टॅब्लेट वापरतो, मीठ वेगळं टाकत नाही. मेकॅनिक म्हणाला पंप गेला, 9 हजार लागतील. बदलावा का?

उत्तर:

ताई, पंप सध्या बदलू नका. तुम्ही जे लिहिलं आहे त्यात पंपाकडे बोट दाखवणारी एकही गोष्ट मला दिसत नाही, आणि दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक मोहरी, दुसरी खरखर. नागपुरात सोळा वर्षं ही यंत्रं उघडतोय, आणि गिऱ्हाइकाने पंपाचे पैसे मोजल्यावर महिन्याभरात भांडी पुन्हा तशीच निघाल्याचं मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. पंप नवा, पाणी तेच. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी मोहरीचं. डिशवॉशर दर मिनिटाला नवीन पाणी घेत नाही. तळाशी तीन-चार लिटर पाणी भरतं आणि तेच पाणी पंप पुन्हा पुन्हा वर फेकतो. भांड्यांवरून पडलेलं पाणी फिल्टरमधून गाळून पंपाकडे जातं, पंपाकडून स्प्रे आर्ममध्ये, म्हणजे आम्ही ज्याला पंखा म्हणतो त्यात, आणि पंख्याच्या भोकांतून परत भांड्यांवर. फिल्टरच्या बारीक जाळीची छिद्रं मोहरीच्या दाण्यापेक्षा कितीतरी लहान असतात. म्हणजे फिल्टर जागेवर घट्ट बसलेला असेल तर मोहरी पंपापर्यंत पोचूच शकत नाही. धुऊन झालेल्या वाटीत रोज मोहरी सापडत असेल, तर एकतर पाण्याचा मारा इतका कमी आहे की वाटीतली मोहरी मुळात निघालीच नाही, किंवा फिल्टरच्या बाजूने वाट झाली आहे आणि मोहरी पाण्याबरोबर मशीनभर फिरते आहे. दोन्ही कारणं एकाच घरात एकत्र असणं हेच जास्त वेळा दिसतं, कारण फिल्टरमधून निसटलेली मोहरी पंख्याच्या भोकात अडकते आणि मग मारा कमी होतो.

हे ओळखायला एक साधी गोष्ट करा. मशीनचं बटण बंद करून प्लग काढा. खालची जाळी बाहेर काढा. खालचा पंखा बहुतेक मशीनमध्ये दोन्ही हातांनी सरळ वर ओढला की निघतो. वरच्या जाळीखालचा पंखा कुठे मधली चकती फिरवून निघतो, कुठे पाव वळसा देऊन. तुमच्या मॅन्युअलमध्ये चित्र असेल. दोन्ही पंखे कानाजवळ नेऊन हलवा. आत काही असेल तर खुळखुळतं. मग खाली वर्तमानपत्र पसरा, पंखा त्यावर आडवा-उभा धरून हळूहळू आपटा आणि मधल्या तोंडातून आत काय आहे ते बाहेर येऊ द्या.

जे पडेल ते नीट बघा, कारण बिघाड कुठे आहे ते इथेच कळतं. मोहरी, जिरं, तांदळाची कणी, लिंबाची बी, कोथिंबिरीचं, आपल्या सांबाराचं, देठ निघालं तर फिल्टर नीट बसत नाही किंवा त्याची जाळी फाटली आहे. अंड्याच्या कवचासारख्या पांढऱ्या, पातळ, हातात मोडणाऱ्या पापुद्र्या निघाल्या तर तो क्षार आहे. तो बाहेरून आलेला नाही. पाणी तापवणाऱ्या भागात आणि पंख्याच्या आतल्या भिंतींवर तो बसतो, सुटतो आणि फिल्टरच्या पुढच्या बाजूला असल्यामुळे थेट भोकात जाऊन अडकतो. कितीही वेळा फिल्टर धुतला तरी ह्या पापुद्र्या थांबणार नाहीत, कारण त्या फिल्टरमधून जातच नाहीत. तुमच्याकडे माझ्या अंदाजाने दोन्ही निघतील.

आता खरखरीचं. ती बऱ्याचदा क्षाराची असते, पण कधी कधी भाताच्या पेजेची असते, आणि डोळ्याने दोन्ही सारखीच दिसतात. पांढुरका ग्लास घ्या, त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, दोन मिनिटांनी बोटाने चोळा. तेवढाच भाग आरपार स्वच्छ झाला तर क्षार. काहीच फरक पडला नाही तर दुसऱ्या ग्लासावर आयोडीनचा एक थेंब टाका. डाग निळा-काळा झाला तर ती पिठूळ साय आहे, म्हणजे मारा कमी पडतोय किंवा पाणी नीट तापत नाही, आणि तो ग्लास नंतर हाताने नीट धुऊन घ्या. दोन्हींनी काही झालं नाही आणि उजेडात धरल्यावर काचेवर बारीक ओरखड्यांसारखा धुरकटपणा दिसला, तर काच झिजली आहे. ती परत येत नाही, आणि त्यासाठी कोणी औषध विकत असेल तर घेऊ नका.

क्षार इथपर्यंत कसा येतो हे समजून घ्या, कारण त्यावरून पुढची सगळी कामं ठरतात. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला काही भाग खडूसारखा बाहेर पडतो, गिझरच्या कॉईलवर बसतो तसाच. हे एक नुकसान. दुसरं नुकसान डोळ्याला दिसत नाही. डिशवॉशरच्या पावडरीला किंवा टॅब्लेटला आधी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवावं लागतं आणि मग उरलेला जोर भांड्यांना मिळतो. पाणी खूप जड असेल तर सगळी ताकद पाण्यातच खर्च होते. आणि तिसरं, जे आपल्याकडे फार जास्त दिसतं, ते तेलाचं. सावजी रस्स्याचं पातेलं किंवा तर्रीचे वाडगे आत गेले की डिशवॉशरच्या जहाल पावडरीच्या गरम पाण्यात त्या तेलाचा थोडा साबण बनतो. साध्या पाण्यात तो वाहून जातो. जड पाण्यात तो कॅल्शियमला पकडतो आणि त्याची राखाडी, चिकट, मेणासारखी पेस्ट तयार होते.

ही पेस्ट तुम्ही पाहिली असेल. फिल्टर काढा आणि बारीक जाळीच्या बाहेरच्या बाजूवर नख फिरवा. नखात करडं लोणी आल्यासारखं येतं, वासाला जुन्या तेलाचं. नळाखाली धरलं तर पाणी त्यावरून ओघळतं, जाळीतून जात नाही. त्या जाळीची छिद्रं अशी बुजली की पाणी पंपाकडे पुरेसं पोचत नाही, पंप हवा ओढायला लागतो, आणि बाहेरून ऐकणाऱ्याला घुर्र-घुर्र असा तुटक आवाज येतो. तुमच्या मेकॅनिकने हाच आवाज ऐकून पंप गेला म्हटलं असण्याची शक्यता मोठी आहे.

मागच्या मे महिन्यात हुडकेश्वर रोडच्या एका घरात असंच होतं, ते सांगतो. रो-हाऊस, घरात सहा माणसं, दिवसाला एकदा मशीन लागायचं. मशीन पावणेदोन वर्षांचं. तक्रार तुमच्यासारखीच, आणि त्यांनाही पंपाचाच आकडा सांगितलेला. मी मशीन चालू करून दरवाज्याला कान लावला. पाणी भरलं, पंप सुरू झाला, दहा सेकंद बरा चालला आणि मग गुरगुरायला लागला. पाच मिनिटांनी थांबवून दरवाजा हळूच उघडला. वाफ अंगावर येते, म्हणून आधी फट करून थांबायचं. खालच्या पंख्याचं टोक सुरुवातीला मी डाव्या कोपऱ्याकडे करून ठेवलं होतं. ते तिथेच होतं. म्हणजे पंखा फिरलाच नव्हता.

पंख्याला मोटर नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. टोकाजवळची एक-दोन भोकं तिरपी असतात, त्यातून सुटणाऱ्या पाण्याच्या धक्क्याने पंखा उलट दिशेला फिरतो. ती तिरपी भोकं बुजली की बाकीची सगळी मोकळी असूनही पंखा एका जागी उभा राहतो, आणि भांड्यांच्या एकाच पट्ट्याला पाणी लागतं. कधी कधी नुसता लांब कालथा किंवा पळी जाळीतून खाली आलेली असते आणि पंखा तिला अडतो. म्हणून भांडी लावल्यावर हाताने एकदा पंखा फिरवून बघायची सवय ठेवा. त्या घरी पळी नव्हती. तिरप्या भोकात मोहरी होती.

फिल्टर उलटा फिरवून वर काढला तर तो कुलूप लागल्यासारखा बसलाच नव्हता. नुसता ठेवलेला होता. घरातल्या काकू दर रविवारी तो प्रामाणिकपणे धुवायच्या, पण परत बसवताना शेवटचा पाव वळसा राहून जायचा, कारण खालच्या खोबणीत क्षाराचा थर साचला होता आणि फिल्टर पूर्ण खाली जातच नव्हता. पंप चालू झाला की तो केसभर उचलला जायचा आणि बाजूने मोहरी आत. काकूंची चूक नव्हती. खोबण साफ केल्याशिवाय तो बसलाच नसता.

मग पाणी मोजलं. इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. आरओवाल्याचं टीडीएस मीटर ह्या कामाचं नाही. ते पाण्यातलं सगळं विरघळलेलं मोजतं, त्यात साधं मीठही आलं. आपल्याला फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम, म्हणजे कडकपणा हवा आहे. त्यासाठी थेंब मोजायचं किट मिळतं, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा माशांच्या टाक्यांचं सामान असलेल्या दुकानात. नळीत ठरलेलं पाणी घ्यायचं, एक-एक थेंब टाकत रंग लाल-गुलाबीचा निळा होईपर्यंत मोजायचं, आणि एका थेंबाला किती ते किटवर लिहिलेलं असतं. त्या घरच्या बोअरचा कडकपणा 620 पीपीएम, म्हणजे लिटरला 620 मिलिग्रॅम आला. तुलनेसाठी, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही चांगली मर्यादा आहे आणि दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतं. त्याच घरातल्या महापालिकेच्या नळाचं पाणी 140 होतं.

एका धुण्याला त्यांचं मशीन साधारण 12 लिटर पाणी घ्यायचं. 620 ने गुणलं तर साडेसात ग्रॅमच्या जवळपास जातं, म्हणजे चहाचा दीड चमचा चुना रोज मशीनमधून. बराचसा गटारात जातो, पण जो थांबतो तो साचत राहतो.

ह्यासाठीच मशीनमध्ये पाणी मऊ करण्याचा एक भाग आत बसवलेला असतो. त्यात बारीक पिवळसर मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतात. मणी भरले की त्यांना खारं पाणी देऊन मोकळं करावं लागतं, आणि ते खारं पाणी तळाच्या मिठाच्या टाकीतून येतं. मीठ भांडी धुवायला नसतं, मणी धुवायला असतं. टॅब्लेटमध्ये मीठ असतं असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी ते त्या मण्यांपर्यंत पोचत नाही. टॅब्लेट फक्त त्या वेळच्या पाण्यातला काही क्षार बांधून ठेवते, आणि कंपन्या स्वतःच सांगतात की साधारण 21 जर्मन अंशांच्या वर, म्हणजे 375 पीपीएमच्या वर, मीठ वेगळं टाकायलाच हवं. जर्मन अंश हा आकडा मॅन्युअलमध्ये असतो म्हणून सांगतो: पीपीएमला 17.8 ने भागलं की तो मिळतो. 620 चे झाले 35 अंश. तुम्ही 14 महिने मीठ घातलं नाही आणि पाण्यात बोअर आहे, म्हणजे तुमच्या मशीनमधले मणी केव्हाचे भरून गेलेले आहेत आणि पाणी जसं येतं तसं भांड्यांवर पडतं आहे.

त्या घरी मी जे केलं ते तुम्हीही करू शकता. क्रम मात्र तोच ठेवा.

आधी फिल्टरचे सगळे भाग वेगळे केले आणि भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात, जुन्या टूथब्रशने धुतले. तारेची घासणी लावली तर जाळी फाटते, मग नवा फिल्टर. करडी पेस्ट साबणाने पूर्ण निघत नाही, कारण तिच्यात क्षार आहे. म्हणून नंतर एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक ॲसिड, विरघळवून त्यात तासभर ठेवले. दोन्ही पंखेही त्यातच. फिल्टर बसतो त्या खड्ड्यातलं पाणी स्पंजाने काढून टॉर्च मारून पाहिलं. तेजपानाचा तुकडा, दोन लवंगा आणि काचेची एक चीप निघाली. इथे उघडा हात घालू नका, रबरी मोजा घाला. खोबणीतला क्षार लिंबूफुलाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने अर्धा तास दाबून ठेवून लाकडी काडीने काढला.

पंख्याची भोकं दात कोरायच्या काडीने मोकळी केली. सुई किंवा सेफ्टी पिन वापरू नका. प्लास्टिकचं भोक जरासं मोठं झालं तरी धार पसरते आणि जोर जातो, आणि तिरपं भोक बिघडलं तर पंखा कायमचा हळू होतो. मग पंखा सिंकच्या नळाखाली मधल्या तोंडाने धरला आणि सगळ्या भोकांतून पाणी येतं का पाहिलं. सहा भोकांतून धार आणि दोनमधून थेंब, असं असेल तर अजून भिजवायचा. वरचा पंखा बसवताना एक बघायचं: वरची जाळी उंच-सखल करता येत असेल तर दोन्ही बाजू एकाच उंचीवर असल्या पाहिजेत. एक बाजू खाली राहिली की मागच्या पाइपाचं तोंड जुळत नाही आणि वरच्या जाळीला पाणीच जात नाही. तुमचे ग्लास आधी बिघडले आणि ताटं नंतर, म्हणून हे आवर्जून तपासा.

नंतर पाणी येणारा पाइप. नळ बंद करून पाइप सोडवला की त्याच्या तोंडाशी टोपीसारखी छोटी जाळी असते. त्यात बोअरची लालसर रेती भरलेली होती. ती धुतली नाही तर पाणी कमी भरतं आणि पंप पुन्हा हवा ओढतो. पाइपाच्या नळाकडच्या टोकाला चौकोनी डबा असेल तर त्यात विजेचा व्हॉल्व असतो. तो पाण्यात बुडवू नका आणि पाइप कापू नका. आणि तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर आणखी एक शक्यता धरा. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक बार दाब मिळतो. टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असेल तर दाब 0.2-0.3 बार येतो, आणि बऱ्याच मशीनना किमान 0.3 ते 0.5 लागतो. अशा घरी फिल्टर, पंखा, मीठ सगळं नीट असूनही पाणी कमी भरतं. तिथे छोटा प्रेशर पंप लागतो, मशीनचा पंप नव्हे.

एवढं झाल्यावर मशीनच्या आतला क्षार. मशीन रिकामं ठेवलं, पावडर नाही, टॅब्लेट नाही. 50-55 अंश सेल्सिअसचा, सुरुवातीला वेगळी खंगाळणी नसलेला प्रोग्रॅम लावला. खंगाळणी असेल तर पहिलं पाणी बाहेर जातं आणि औषध त्याबरोबर वाहून जातं. पाणी भरून पंप सुरू झाल्यावर थांबवून 100 ग्रॅम लिंबूफूल तळाशी पसरलं आणि दरवाजा लावला. सगळ्यात गरम प्रोग्रॅम मुद्दाम घेतला नाही, कारण क्षार फार जास्त असेल आणि पाणी फार तापलं तर लिंबूफूल आणि कॅल्शियम मिळून नवीनच पांढरा गाळ बसू शकतो. एकदाच अर्धा किलो ओतण्यापेक्षा 100 ग्रॅम दोन वेळा बरं. संपल्यावर लगेच एकदा नुसत्या पाण्याने चालवलं. मग फिल्टर पुन्हा काढला तर त्यात पांढऱ्या पापुद्र्यांची मूठभर रास होती. ह्या सुटलेल्या पापुद्र्या पंख्यातही जातात, म्हणून सफाईनंतर पंखे पुन्हा काढून झटकायचेच. हे न केल्यामुळे साफ केल्यावर मशीन आणखी बिघडलं, अशी तक्रार येते.

दोन गोष्टी कृपा करून करू नका. बाथरूमच्या टाइल्सचं ॲसिड मशीनमध्ये घालू नका. त्याने क्षार झटक्यात जातो हे खरं, पण आतलं स्टील टोचल्यासारखं खड्ड्या-खड्ड्यांनी गंजतं आणि रबर जातं. आणि लिंबूफूल चालू असताना ब्लीचचं कुठलंही औषध जवळ आणू नका, विषारी वायू होतो.

शेवटी मीठ. टाकीचं झाकण उघडून पहिल्या वेळी काठोकाठ पाणी भरलं, मग फनेलने डिशवॉशरचं जाड मीठ, किलोभराच्या वर मावलं. पाणी बाहेर सांडतं, ते ठीक आहे. झाकणाच्या खोबणीत मीठाचा कण राहू देऊ नका, झाकण घट्ट लावा, सांडलेलं पुसा आणि मशीन लगेच चालवा. मिठाचं पाणी रात्रभर तळाला साचलं की स्टीलवर तांबूस ठिपके येतात. जेवणातलं बारीक आयोडीनचं मीठ आत गोठतं. बाजारातलं खडे मीठ स्वस्त असतं, पण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि माती असते, म्हणजे जो क्षार काढायचा तोच आपण हाताने घालतो. मग मशीनमध्ये कडकपणाचा आकडा बदलला. तो कारखान्यातून आला तसाच मधल्या पायरीवर होता, आणि त्यांच्या मॅन्युअलप्रमाणे 35 अंशांना त्याच्या बऱ्याच वरची पायरी लागत होती. पाणी मोजल्याशिवाय हा आकडा ठरवता येत नाही. मीठ घालून आकडा खालीच ठेवला तर मणी वेळेवर धुतले जात नाहीत, आणि लोक म्हणतात मीठ टाकूनही फरक नाही.

पहिल्या दोन-तीन धुण्यांत ग्लास अजून थोडे पांढरट होते. बरेच महिने भरून राहिलेले मणी मोकळे व्हायला वेळ घेतात. पाचव्या धुण्याला काकूंनी फोन करून सांगितलं की ग्लास हातात घेतल्यावर किरकिर वाजतो. घुर्र-घुर्र आवाज तर पहिल्याच दिवशी गेला होता. पंप तोच आहे, आजही चालू आहे.

पण एक अडचण उरली. 35 अंशांवर मीठ जेमतेम तीन आठवडे पुरायचं, आणि ते महाग पडतं. ह्या मण्यांनाही मर्यादा असते, तुमच्या मॅन्युअलमधल्या सगळ्यात वरच्या पायरीचा आकडा बघा. पाणी त्याच्या पुढे असेल तर मीठ कितीही घाला, काही क्षार सुटणारच. त्या घरी नळाच्या पाण्याची वेगळी 500 लिटरची टाकी होती, पिण्यासाठी. मी प्लंबरला सांगून त्या लाइनीतून टी काढून मशीनला जोडणी करून घेतली. 140 म्हणजे 8 अंश. आकडा परत खाली आणला आणि आता मीठ महिनोन्‌महिने टिकतं. दिवसाला 12 लिटर नळाचं पाणी गेलं, एवढाच फरक. तुमच्या सोसायटीत पेंच-कन्हानचं नळाचं पाणी आणि बोअर एकाच तळटाकीत मिसळत असेल तर हे जमणार नाही. पण पिण्याची लाइन स्वयंपाकघरात वेगळी आली असेल तर मी तेच पहिलं करीन. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र बादलीत साठवून मशीनला देऊ नका. त्यात क्षार आणखी घट्ट झालेला असतो.

मिसळलेल्या पाण्याचं आणखी एक. पावसाळ्यानंतर मोजलेला आकडा उन्हाळ्यात लागू पडत नाही. एप्रिल-मेमध्ये नळ कमी होतो, बोअर आणि टँकर वाढतो. म्हणून किट घरी ठेवा, एप्रिलच्या सुरुवातीला एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा मोजा आणि मशीनमधला आकडा त्याप्रमाणे बदला.

आता पंप खरंच गेलाय हे कसं कळेल, तेही सांगतो, कारण तो कधीतरी जातोच. वरचं सगळं करून झाल्यावर मशीन रिकामं चालवा, पाणी भरून झाल्यावर एक मिनिटाने थांबवून दरवाजा उघडा. पंप थांबला की पाणी फिल्टरच्या सपाट जाळीच्या जरा वर उभं दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर पाणीच कमी आहे, पंपाला दोष देऊ नका. पाणी पुरेसं, फिल्टर स्वच्छ आणि घट्ट बसलेला, पंखे मोकळे, आणि तरीही पंख्याचं टोक पाच मिनिटांत जागचं हललेलं नाही, किंवा पंप सुरू होताना नुसता गुणगुणतो आणि पाण्याचा सपसप आवाज येतच नाही, तर पंप किंवा त्याचा पंखुडी असलेला भाग गेला. मशीनखाली ओल दिसली आणि खरखर असा धातूचा आवाज वाढत गेला तर पंपाचं सील आणि बेअरिंग. तेव्हा 9 हजार खर्च करायला माझी हरकत नाही, पण जुना पंप काढल्यावर तुमच्यासमोर हाताने फिरवून दाखवायला सांगा. त्यातही पुष्कळदा काचेची चीप किंवा टूथपिक अडकलेलं निघतं, आणि ते काढलं की तोच पंप चालतो.

सुट्टीच्या दिवशी दोन तास काढून आधी पंखे वर्तमानपत्रावर झटका. काय निघालं, मोहरी जास्त की पापुद्र्या जास्त, आणि बोअर मिसळलेल्या पाण्याचा कडकपणा किती आला, हे आकड्यासकट कळवा. मशीनचं मॉडेलही लिहा, म्हणजे कडकपणाची पायरी कितीवर ठेवायची ते नेमकं सांगता येईल.